दहापासून धरलेलं माप

जोतिबाच्या यात्रेहून आलो की दोन दिवस घरात गुलाल निघत राहतो. कानामागून, चपलेच्या शिवणीतून, धुतलेल्या शर्टाच्या कॉलरमधून. २०२४ च्या चैत्री पौर्णिमेला मी असाच गुलाबी होऊन सोप्यावर बसलो होतो. आई आत भाकरी थापत होती आणि पुण्याहून आलेली मामेबहीण माझ्या जन्मवेळेचे आकडे फोनमध्ये भरत होती. भरून झाल्यावर ती एकदम सरसावून बसली. "दादा, तुझा सॅटर्न रिटर्न चालू आहे. बरोबर दहा दिवसांपूर्वी अगदी अंशाला अंश लागला होता." भाकरी थापायचा आवाज थांबला. आई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. "म्हणजे साडेसाती?" बहीण म्हणाली, "नाही गं आत्या, हे वेगळं. हे चंद्रावरून नाही, शनीवरूनच असतं." आईनं ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. तिनं हात धुतले, कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला आणि माझी पत्रिका उलगडून बहिणीच्या पुढ्यात धरली. पत्रिकेत शनी कुंभेत. फोनवर शनी मीनेत.

त्या दोघी पुढे दुसऱ्याच विषयावर गेल्या. माझं मन मात्र तिथंच अडकलं. एकाच माणसाच्या जन्माच्या वेळी एकच शनी दोन राशींत कसा? आणि तो दोन ठिकाणी असेल, तर नेमका कुठं परत आला?

मी १९९५ च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यातला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी वाळूत साचा उठवावा लागतो आणि तो उठवायला हुबेहूब लाकडी नमुना लागतो. ते लाकडी काम आमचं. शनीचा धातू आपल्याकडे लोखंड, पाश्चात्यांकडे शिसं. लोखंडाच्या पोटी वाढलेल्या मुलाला शनीचं भय वाटू नये, पण घरात ते होतं. दर शनिवारी मारुतीला तेल आणि रुईच्या पानांचा हार, नवं काही घ्यायचं तर शनिवार टाळायचा, आणि कुणाचं वाईट चाललं की हळू आवाजात "साडेसाती असंल" म्हणायचं. शनी म्हणजे बाहेरून अंगावर येणारी गोष्ट, हीच माझी समजूत होती. बहिणीनं सांगितलेला शनी तसा नव्हता. पाश्चात्य ज्योतिषातही जुन्या काळी तो मोठा पापग्रहच होता. पण लिझ ग्रीन यांनी १९७६ साली शनीवर पुस्तक लिहिलं आणि त्याच्याकडे माणसाच्या स्वतःच्या भीतीचं, आखून घेतलेल्या मर्यादेचं रूप म्हणून बघायला सांगितलं. त्या वाटेनं जाणारे लोक म्हणतात, एकोणतिशीच्या आसपास शनी जन्माच्या जागी परत येतो तेव्हा काही लादत नाही, हिशेब मागतो. आतापर्यंत ज्यावर उभा आहेस ते तुझं स्वतःचं आहे, की दुसऱ्यानं ठरवून दिलेलं तू फक्त वागवतोयस? जे उसनं असेल ते या काळात खिळखिळं होतं. जे खरोखर आपलं असेल ते पक्कं होतं, पण त्याचं वजन तेव्हापासून आपल्या खांद्यावर येतं.

दुकानात बसून मला आठ वर्षं होत आली होती आणि हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता.

आधी हिशेब बघू म्हटलं, अर्थ मागाहून. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. ही गोष्ट कुणाच्या विश्वासावर अवलंबून नाही. बहिणीच्या पद्धतीनं माझा जन्माचा शनी मीन राशीच्या पंधराव्या अंशाशी. मी ग्रहांच्या रोजच्या स्थितीचा तक्ता काढला आणि पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकवत गेलो. एप्रिल २०२४ च्या मध्याला शनी तिथं पोचलेला दिसला. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नव्हती. तो पुढं एकोणीस अंशांच्या वर गेला, जूनच्या अखेरीस थांबला आणि वक्री झाला. शनी दर वर्षी साधारण साडेचार महिने असा उलटा चालताना दिसतो, कारण आपली पृथ्वी आतल्या लहान रिंगणातून त्याला ओलांडून जाते. उलटा येता येता सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा पंधरा अंशांवरून गेला, नोव्हेंबरात बारा अंशांच्या पुढे-मागे थांबला, मार्गी झाला आणि जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा त्याच जागेवर. म्हणजे रिटर्न ही एका दिवसाची घटना नाही. माझ्या बाबतीत ती तीन वेळा होणार होती आणि मधे नऊ महिने. तिकडचे जाणकार या तीन फेऱ्या वेगवेगळ्या वाचतात. पहिल्या फेरीत प्रश्न उभा राहतो, वक्री फेरीत माणूस मागं जाऊन तेच ते उकरतो, तिसऱ्या फेरीत काहीतरी ठरतं. सगळ्यांनाच तीन फेऱ्या येत नाहीत. जन्माचा अंश वक्री-मार्गीच्या पट्ट्याबाहेर पडला तर शनी एकदाच येतो आणि निघून जातो.

मग राहिला कुंभ की मीन हा वाद. पेठेतल्या ज्या गुरुजींनी माझी पत्रिका मांडली ते आता थकलेत, पण डोकं लख्ख आहे. ते म्हणाले, "तुझ्या बहिणीचं चूक नाही आणि माझंही नाही. ते सायन, आम्ही निरयन." पाश्चात्य लोक राशिचक्राचं शून्य वसंतसंपातावर धरतात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होते त्या बिंदूवर. आपण ते ताऱ्यांना बांधून धरतो. हा संपातबिंदू ताऱ्यांतून मागं सरकत असतो, बहात्तर वर्षांत साधारण एक अंश. साचत साचत आज तो फरक चोवीस अंशांचा झालाय. मीन पंधरामधून चोवीस वजा केले की कुंभ एकवीस येतात. गुरुजींनी बोटांवर हिशेब करून आईकडे बघितलं. "स्वगृहीचा शनी आहे. आणि साडेसाती म्हणाल तर याची रास मेष. शनी मीनेत जाईल २०२५ च्या मार्चअखेर, तेव्हा सुरू. अजून अवकाश आहे." आईला अर्धा दिलासा मिळाला. मला मात्र कळलं की आईची साडेसाती आणि बहिणीचा रिटर्न या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. माझा रिटर्न जिथं संपणार होता त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी साडेसाती लागणार होती. साडेसाती चंद्राच्या राशीवरून मोजतात, म्हणून ती पाच वर्षांच्या मुलालाही येते आणि सत्तरीच्या आजीलाही. रिटर्न वयावरून येतो. माझ्या दहावीच्या वर्गातल्या झाडून सगळ्यांना तो त्याच काळात होता.

गुरुजींचं ते शून्याचं गणित मला समजलं, पण मनात बसलं नव्हतं. ते बसवलं आबांनी. दुकानात त्यांची एक जुनी स्टीलची पट्टी आहे. तिचं शून्याचं टोक घासून गोल झालंय. ती टाकून द्यायची सोडून आबा दहाच्या रेघेपासून माप धरतात आणि शेवटी दहा वजा करतात. मी त्यांना दोन राशींचा घोळ सांगितला, तेव्हा ते फळीवर रेघ मारत होते. मान वर न करता म्हणाले, "मग त्यात काय? शून्यापासून धरलं काय आणि दहापासून धरलं काय, तुकडा तेवढाच निघणार." तसंच आहे ते. शनी निघाला तिथं परत यायला किती काळ लागला, हे शून्य कुठं धरलं त्यावर जवळजवळ ठरतच नाही. साडेएकोणतीस वर्षांत संपातबिंदू अर्ध्या अंशाहूनही कमी सरकतो, म्हणून सायन आणि निरयन परतीत तीन-चार दिवसांचा फरक पडतो, एवढंच. राशीच्या नावावर भांडणाऱ्या दोन पद्धती या बाबतीत एकाच आठवड्यावर बोट ठेवतात. अर्थाचं तसं नाही. गुरुजी म्हणणार शनी स्वतःच्या घरात, बळकट. बहिणीचं ॲप म्हणणार मीनेतला शनी, सीमारेषा पुसट असलेला, नाही म्हणायला अवघडणारा. तारखेवर एकमत आणि माणसावर दुमत.

पण त्या तारखांना घडलं काय? मी हे प्रामाणिकपणे तपासायचं ठरवलं. एप्रिलमध्ये, पहिल्या फेरीच्या सुमाराला, आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं लाकडी पॅटर्न बंद केले. इथून पुढं संगणकावरच्या ड्रॉइंगवरून सीएनसी मशीनवर काढलेलेच चालतील, असं कळवलं. आमच्या धंद्याचा तिसरा हिस्सा त्या एका माणसावर होता. पाडव्याची गुडी उतरवली आणि दोनच दिवसांनी ते पत्र आलं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. पुढं जीएसटीच्या कामासाठी फाइल उघडली तेव्हा पत्रावरची तारीख दिसली. फेब्रुवारी. मी बराच वेळ त्या तारखेकडे बघत बसलो. मी खोटं बोललो नव्हतो. कुणीतरी एप्रिल म्हटलं आणि माझ्या आठवणीनं पत्र दोन महिने पुढं सरकवून ठेवलं. शनीच्या फेऱ्यांचं असं होतं, हे तेव्हापासून मी विसरलेलो नाही. त्यात अनेक जण शनी त्याच्या जन्मवेळच्या राशीत असतो तो सगळाच काळ रिटर्न धरतात. म्हणजे अडीच-तीन वर्षं. सत्तावीस ते तीस या वयात अडीच वर्षं मोकळी सोडली तर त्यात काही घडलं नाही असा माणूस सापडायचा नाही.

मागचे टप्पेही तपासले. असं मानतात की शनी परत येण्याआधी चौथाई, निम्म्या आणि पाऊण वाटेवरही आपली खूण सोडतो. सात, चौदा, एकवीस असं ढोबळ सांगतात, पण शनीची कक्षा किंचित लांबट आहे आणि तो सगळीकडे सारख्या वेगानं चालत नाही. माझ्या शनीपासून समोरच्या टोकाला जायला त्याला साडेतेराच वर्षं लागली आणि तिथून परत यायला साडेपंधरा. निम्मी वाट आली २००८ च्या सप्टेंबरअखेर. मी नववीत होतो. डोकं खाजवून बघितलं, आईला विचारलं, जुन्या वह्या काढल्या. काहीही घडलेलं नव्हतं. पाऊण वाट मात्र २०१६ ची. त्या वर्षी मेमध्ये इंजिनीअरिंगची शेवटची परीक्षा दिली आणि जूनच्या पहिल्या सोमवारी आबांच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसलो. पुण्यातल्या एका कंपनीचं बोलावणं खिशात होतं. आबांनी बस म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. मी बसलो. एक खूण लागली, एक हुकली. याचा कौल कोणत्या बाजूनं धरायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दहावीच्या ग्रुपवर त्या वर्षी जे चाललं होतं ते मात्र मन हलवणारं होतं. दोघांचे संसार मोडले. एकानं बापाचं खानावळीचं हॉटेल बंद करून गुऱ्हाळ घेतलं. दुबईचा एक जण सामानासकट परत आला. जिनं सगळ्यांत उशिरा लग्न करणार म्हणून सांगितलं होतं तिनं पंधरा दिवसांत उरकलं. बहिणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "बघितलंस?" पण शेजारच्या वर्कशॉपमधल्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या दोघांशी चहाच्या टपरीवर बोललो तर त्यांच्या गोष्टीही अशाच निघाल्या, फक्त तीन वर्षं पुढं सरकलेल्या. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेव्हिन्सन यांनी चाळीस पुरुषांच्या दीर्घ मुलाखती घेऊन १९७८ साली मांडलं होतं की, अठ्ठावीस ते तेहतीसच्या दरम्यान माणूस विशीत घाईनं उभारलेली जगण्याची चौकट पुन्हा तपासतो. त्यांनी ग्रहांचं नावही काढलं नव्हतं. ते वाचल्यावर माझ्यापुरता उलगडा झाला. हे वय असतंच असं. शनी ते वय घडवतो असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. पण त्या वयाला तारीख, नाव आणि नऊ महिन्यांची मुदत त्यानं दिली, आणि मुदत मिळाल्याशिवाय मी तो प्रश्न कधी हातात घेतला नसता.

यातलं जे मला सगळ्यांत जास्त लागलं ते आबांचं होतं.

आबांचा जन्म १९६५ च्या जूनचा. सहज त्यांचाही शनी काढून बघितला. मीन, सतराव्या अंशाच्या आसपास. माझ्यापासून जेमतेम दोन अंश पुढं. म्हणजे मी जन्मलो तेव्हा आबा एकोणतीस वर्षं नऊ महिन्यांचे होते आणि त्यांचा स्वतःचा रिटर्न माझ्या जन्मानंतर दोन आठवड्यांत लागला होता. त्यांना तो एकदाच आला. शनी वक्री होऊन सतरापर्यंत मागं आलाच नाही, अठराच्या अलीकडं किंचित येऊन थांबला आणि पुढं गेला. आणि आता माझ्या पहिल्या परतीच्या वर्षीच त्यांची दुसरी परत चालली होती. एकोणसाठीची. पहिल्या परतीत माणूस उचलतो आणि दुसऱ्या परतीत खाली ठेवायचं काय ते बघतो, असं तिकडं म्हणतात. एकाच दुकानात, एकाच बाकावर, आम्ही दोघं त्यासाठीच बसलो होतो आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हतो.

बोललो ते त्रिपुरी पौर्णिमेला. पंचगंगेच्या घाटावर पहाटे दिवे लावायला आम्ही दर वर्षी जातो. अंधारात पायऱ्यांवर तेल सांडलेलं असतं, पाय जपून टाकावा लागतो, वातींचा जळका वास आणि नदीचा गारठा एकत्र नाकात जातो. १५ नोव्हेंबर २०२४. तक्त्याप्रमाणे त्याच दिवशी शनी स्तंभी होता, थांबून वळणार होता. पहाटे तो आकाशात नव्हता, मध्यरात्रीनंतरच मावळला होता. पणत्या लावून खाली बसल्यावर मी विचारलं, "आबा, मी झालो तेव्हा तुमचं काय चाललं होतं?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गोव्याला जाणार हुतो. जहाजाच्या कारखान्यात पॅटर्नचंच काम. पगार चांगला हुता. एक मार्चला हजर व्हायचं ठरलं हुतं. तुझ्या आईचे दिवस भरलेलं, म्हणून महिनाभर मुदत मागितली. पुन्हा गेलोच न्हाई." मी विचारलं, वाईट वाटलं का. त्यांनी विझलेली एक पणती दुसरीवर धरून पेटवली. "वाटलं की. दोन वर्सं वाटलं. मग दुकानाच्या पाटीवर आज्याचं नाव हुतं ते काढून माझं लावलं, तवा थांबलं."

संध्याकाळी मित्राच्या गच्चीवर त्याच्या लहान दुर्बिणीतून शनी बघितला. पौर्णिमेचा चंद्र असूनही तो स्पष्ट दिसला. चित्रात असते तशी पसरट कडी नव्हती. मधे फिकट पिवळा ठिपका आणि त्यातून आरपार गेलेली एक बारीक रेघ, मण्यात दाभण घातल्यासारखी. मित्र म्हणाला, चार-पाच महिन्यांनी कडी पृथ्वीवरून अगदी कडेनं दिसेल, म्हणजे दिसणारच नाही. असं शनीच्या एका फेरीत दोन वेळा होतं आणि १९९५ मध्येही झालं होतं. घरी येऊन आबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे त्या साली पण बारीकच हुता?"

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या फेरीच्या दिवसांत, मी सीएनसी राउटरसाठी कर्जाच्या कागदांवर सही केली. त्या अंशासाठी तो दिवस धरला नव्हता, बँकेला तीच तारीख सोयीची होती. सही करताना हात थरथरला, आणि तो भीतीनं थरथरला. आठ वर्षं मी आबांच्या दुकानात बसलो होतो. त्या दिवसापासून हप्ता माझ्या नावावर होता. दुकानात परत आलो तेव्हा आबा एका मोठ्या पुलीच्या पॅटर्नवर बसले होते. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी वाढीव खुणांची वेगळी पट्टी असते. मी शेजारी बसून दुसऱ्या अर्ध्या भागाची आखणी सुरू केली. ते म्हणाले, "कुठली पट्टी घेतलीस?" मी दाखवली. त्यांनी चष्मा वर सारून ती उजेडाकडं धरली, बघितली आणि मला परत दिली.

मार्चअखेर आईनं पुन्हा डबा काढला. साडेसाती सुरू झाली होती. शनिवारी तेलाची वाटी घेऊन ती निघाली तेव्हा मीही तिच्याबरोबर गेलो. देवळाबाहेर रुईचे हार विकणाऱ्या बाईकडं दोन हार मागितले. "दोन कशाला?" आईनं विचारलं. "एक आबांच्या नावानं," मी म्हटलं.